हाडांची पेशीस्तरावरील पुनर्रचना आणि तिच्यावर काम करणारी औषधे : द्वितीय वर्ष एमबीबीएससाठी उजळणी टिपण

या घटकावरील दीर्घोत्तरी प्रश्नात औषधांची नावे पाठ असूनही गुण जातात, कारण ‘हे औषध हाडांची झीज थांबवते’ एवढे लिहून उत्तर संपते. औषध कोणत्या पेशीवरील कोणता संकेत अडवते आणि त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या पेशीचे काय होते, हे परीक्षकाला वाचायचे असते. शोषण आणि निर्मिती या दोन क्रिया एकमेकींशी जोडलेल्या आहेत, आणि या जोडणीला पाठ्यपुस्तके कपलिंग म्हणतात. पुढील जवळजवळ प्रत्येक औषधाचा फायदा आणि त्याची मर्यादा या एकाच गोष्टीतून निघते.

चक्र

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. हे काम पेशींचे छोटे गट करतात: पुढे ऑस्टिओक्लास्ट जुने हाड विरघळवतात आणि त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट ती पोकळी भरतात. एका जागी शोषणाला दोन ते चार आठवडे लागतात, पण भरून येऊन खनिजीकरण होण्यास चार ते सहा महिने. या विषमतेमुळे पुनर्रचनेचा वेग वाढला की न भरलेल्या पोकळ्यांची संख्या वाढते आणि हाड कमकुवत होते. जाळीदार हाडाचे पृष्ठफळ जास्त असल्याने रजोनिवृत्तीनंतर झीज मणक्यांत लवकर दिसते.

ऑस्टिओक्लास्ट

ही बहुकेंद्रकी पेशी रक्तजनक ऊतीतील मोनोसाइट-मॅक्रोफेज वंशातून येते. पूर्वपेशींच्या जगण्या-वाढण्यासाठी एम-सीएसएफ लागते, तर पेशींचे पूर्ण रूपांतर रँकएल या रेणूमुळे होते. रँकएल पूर्वपेशीवरील रँक रिसेप्टरला चिकटल्यावर ट्रॅफ-६ मार्फत एनएफ-कप्पा-बी कार्यान्वित होते आणि अखेरीस एनफॅट-सी-१ हा मुख्य नियामक जनुकांचा संच चालू करतो. मग पूर्वपेशी एकत्र होतात, अल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिनच्या साहाय्याने हाडाला घट्ट चिकटतात आणि पेशीखालची जागा बंदिस्त करतात. कार्बॉनिक अनहायड्रेज-२ जे प्रोटॉन तयार करते ते पंपाद्वारे या जागेत सोडले जातात, सामू साधारण ४.५ पर्यंत उतरतो आणि खनिज विरघळते. उघड्या पडलेल्या कोलॅजनचे विघटन कॅथेप्सिन-के करते. आम्लनिर्मितीचा हा टप्पा बिघडला तर ऑस्टिओपेट्रोसिस होतो, ज्यात हाड दाट दिसते तरी ठिसूळ असते. मूत्रपिंडनलिकीय आम्लता सोबत असेल, तर कार्बॉनिक अनहायड्रेज-२ ची कमतरता आठवावी.

रँकएलला अडवणारा नैसर्गिक रेणू म्हणजे ऑस्टिओप्रोटेगेरिन. ऑस्टिओब्लास्ट वंशाच्या पेशी तो स्रवतात आणि तो रँकएलला बांधून रँकपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून उत्तरात रँकएलची निव्वळ पातळी न लिहिता रँकएल व ऑस्टिओप्रोटेगेरिन यांचे गुणोत्तर लिहावे. इस्ट्रोजेन हे गुणोत्तर खाली ठेवते; ग्लुकोकॉर्टिकॉइड ते वाढवतात आणि शिवाय ऑस्टिओब्लास्ट व ऑस्टिओसाइट यांचा मृत्यू घडवतात.

ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट

मेसेन्कायमल मूलपेशीला ऑस्टिओब्लास्टच्या दिशेने नेणारे दोन घटक म्हणजे रंक्स-२ आणि त्यानंतर ऑस्टेरिक्स. निर्मितीचा मुख्य संकेत वंट मार्गातून येतो: वंट प्रथिन फ्रिझल्ड आणि एलआरपी-५/६ यांना एकत्र आणते, बीटा-कॅटेनिनचे विघटन थांबते आणि ते केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. याच मार्गाने ऑस्टिओप्रोटेगेरिनही वाढते, हा मुद्दा विद्यार्थी बहुधा विसरतात.

हाडातील सर्वाधिक पेशी ऑस्टिओसाइट असतात, आणि त्या निष्क्रिय नसून नियंत्रक असतात. यांत्रिक भार जाणवला की त्यांचे स्क्लेरोस्टिन कमी होते. स्क्लेरोस्टिन एलआरपी-५/६ ला बांधून वंट मार्ग रोखते. त्यामुळे भार पडतो तिथे निर्मिती वाढते, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात याच्या उलट घडते. प्रौढ जाळीदार हाडात रँकएलचा प्रमुख स्रोतही ऑस्टिओसाइटच आहे.

शोषण झालेल्या हाडातून टीजीएफ-बीटा आणि आयजीएफ-१ मोकळे होतात आणि ऑस्टिओब्लास्टच्या पूर्वपेशींना तिथे बोलावतात. कपलिंगचा हा एक धागा लिहिला तरी पुरेसे आहे.

औषधे

नायट्रोजनयुक्त बिसफॉस्फोनेट, म्हणजे अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक आम्ल, हायड्रॉक्सीॲपेटाइटला बांधले जातात आणि हाड शोषताना ऑस्टिओक्लास्टच्या आत जातात. तिथे मेव्हॅलोनेट मार्गातील फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिन्थेज अडते, रास-रो प्रकारच्या लहान प्रथिनांचे प्रेनिलेशन होत नाही, पेशीची शोषक किनार मोडते आणि पेशी मरते. एटिड्रोनेटसारखी नायट्रोजनविरहित औषधे मात्र एटीपीचे विषारी प्रतिरूप बनवतात; हा फरक एका गुणाच्या प्रश्नात नेहमी येतो. शोषण थांबले की कपलिंगमुळे निर्मितीही मंदावते. दीर्घ वापरात दिसणारे मांडीच्या हाडाचे असामान्य अस्थिभंग आणि जबड्याचा अस्थिनाश यांच्याशी याच मंदावलेल्या पुनर्रचनेचा संबंध जोडला जातो.

डेनोसुमॅब हे रँकएलविरुद्धचे मानवी प्रतिपिंड असून दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम त्वचेखाली दिले जाते. परिणाम ऑस्टिओप्रोटेगेरिनसारखाच, पण औषध हाडात साठत नाही. मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णात तीव्र हायपोकॅल्सेमियाचा धोका लक्षात ठेवावा.

पॅराथायरॉइड हार्मोनचा रिसेप्टर ऑस्टिओब्लास्ट वंशावर असतो. ऑस्टिओक्लास्टवरील परिणाम त्यांच्यामार्फत होतो. सतत वाढलेल्या पातळीत रँकएल वाढते व झीज होते, पण टेरिपॅराटाइड रोज एकदा, २० मायक्रोग्रॅम, दिल्यास पातळी थोडा वेळच चढते, स्क्लेरोस्टिन घटते आणि निर्मिती आधी वाढते. शोषण मागाहून वाढतेच, त्यामुळे उपचार संपल्यावर शोषणरोधक औषध द्यावे लागते.

रोमोसोझुमॅब स्क्लेरोस्टिनला बांधते. निर्मिती वाढते आणि शोषण कमी होते, म्हणजे कपलिंग काही काळ सुटते. या यादीत असे करणारे हेच एक. ते महिन्याला २१० मिलिग्रॅम, बारा महिने देतात. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वर्षभरात झालेल्या रुग्णास ते देऊ नये.

रॅलॉक्सिफीन हाडात इस्ट्रोजेनसारखे वागते, मात्र मणक्यांपुरतेच खात्रीचे संरक्षण देते आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. कॅल्सिटोनिन ऑस्टिओक्लास्टवर थेट काम करते, पण दुर्बळ. कॅथेप्सिन-के रोखणारे ओडॅनाकॅटिब पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे २०१६ मध्ये सोडून देण्यात आले.

सरावासाठी एक रुग्णप्रश्न

६८ वर्षांच्या स्त्रीने चार वर्षे घेतलेले डेनोसुमॅब स्वतःहून बंद केले. शेवटच्या मात्रेनंतर अकरा महिन्यांनी तिला तीन मणक्यांचे अस्थिभंग झाले. कारण आणि पुढील उपचार लिहा.

उत्तर: रँकएल अडलेले असताना पूर्वपेशी नष्ट होत नाहीत. उंदरांवरील अभ्यासात असेही दिसले की ऑस्टिओक्लास्ट लहान पेशींत विभागून टिकून राहतात आणि पुन्हा एकत्र येऊ शकतात. औषधाची पातळी उतरताच हा साठा एकाच वेळी सक्रिय होतो, सीटीएक्स हा शोषणदर्शक उपचारापूर्वीच्या पातळीहून वर जातो आणि मिळवलेली घनता वेगाने जाते. बिसफॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे राहत असल्याने ते थांबवल्यावर अशी उसळी येत नाही. म्हणून डेनोसुमॅब थांबवतानाच झोलेड्रोनिक आम्ल द्यायला हवे होते. आता शोषणरोधक उपचार त्वरित पुन्हा सुरू करावा. अस्थिभंग झाले म्हणून थेट एकट्या टेरिपॅराटाइडवर जाणे टाळावे, कारण डेनोसुमॅबनंतर ते दिल्यास शोषणाची उसळी आणखी वाढते आणि खुब्याची घनता काही काळ घटते.