मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह पदाची मुलाखत: दुसरी फेरी

समोर दोघे: कंपनीचे मार्केटिंग प्रमुख आणि विक्री विभाग सांभाळणाऱ्या मॅडम. कंपनी दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. उमेदवार चार वर्षं एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करत होती.

मार्केटिंग प्रमुख: बसा. तुमचा बायोडेटा आम्ही दोघांनी वाचलाय, त्यामुळे ओळखीत वेळ घालवत नाही. त्यात एक ओळ आहे, "सहा आठवड्यांत दोन हजारांवर लीड्स." तिथूनच सुरुवात करू.

उमेदवार: हो सर. खरं तर ती ओळ मी आता वेगळी लिहिली असती. आकडा बरोबर आहे, पण त्यामागे जे घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे.

मार्केटिंग प्रमुख: मग तेच सांगा.

उमेदवार: छोट्या व्यावसायिकांना आमच्या सॉफ्टवेअरकडे आणायचं होतं. बजेटचे शंभर भाग धरले, तर साठ भाग सोशल मीडियाच्या जाहिरातींवर, पंचवीस सर्चवर आणि उरलेले पंधरा ईमेल आणि डिझाइनवर गेले. सोशलवर आम्ही बिलाचा तयार नमुना मोफत देत होतो. नाव आणि फोन नंबर भरला की नमुना डाउनलोड. सहा आठवड्यांत तिथून 1,840 फॉर्म आले. सर्चमधून आले फक्त 212.

विक्री मॅडम: म्हणजे सोशलचा फॉर्म बराच स्वस्त पडला.

उमेदवार: साडेतीन पटींहून स्वस्त, मॅडम. आढावा बैठकीत सगळे खूश होते, मीही होते. पण तिसऱ्या आठवड्यात विक्रीतला एक सहकारी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ही माणसं फोनच उचलत नाहीत." तेव्हा मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि दोन दिवस त्याचे फोन ऐकले. एका बाईंनी अगदी सरळ सांगितलं, "अहो, मला बिलाचा नमुना हवा होता, तो मिळाला. सॉफ्टवेअरचं कोण बोललं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचं नाव शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत होतं.

मार्केटिंग प्रमुख: आणि शेवटी विक्री किती झाली?

उमेदवार: सोशलच्या 1,840 जणांपैकी 74 जणांनी डेमो बघितला आणि 9 जणांनी विकत घेतलं. सर्चच्या 212 पैकी 96 जणांनी डेमो बघितला आणि 31 जणांनी घेतलं. एक ग्राहक मिळवायला सोशलवर आठ पटींहून जास्त खर्च झाला. स्वस्त फॉर्म आम्हाला सगळ्यात महाग पडला.

विक्री मॅडम: हे तिसऱ्या आठवड्यात कळलं होतं, तर तेव्हाच बंद का नाही केलं?

उमेदवार: कारण कुठल्या आकड्यावर थांबायचं, हे सुरू करण्याआधी ठरवलं नव्हतं. लीडचा आलेख वर जात होता, तो बंद करा म्हणायला माझ्याकडे लिखित आधार नव्हता. मी बोलले, पण जोर लावला नाही. चौथ्या आठवड्यात मात्र एक बदल मंजूर करून घेतला. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला, "हिशोब सध्या कशात ठेवता?" वही, स्प्रेडशीट की दुसरं सॉफ्टवेअर. त्यामुळे रोजचे फॉर्म निम्म्याहून कमी झाले, पण विक्रीच्या माणसाला फोन उचलताच काय बोलायचं ते कळायला लागलं. सोशलच्या नऊपैकी सात विक्री त्या बदलानंतरच्या आहेत.

विक्री मॅडम: आमच्याकडेही असे फोन होतात. पुढे चला.

मार्केटिंग प्रमुख: जमलेली एखादी मोहीम सांगा.

उमेदवार: ट्रायल घेऊन मध्येच सोडून गेलेल्या 2,600 लोकांना परत आणायचं होतं. तीन ईमेलची मालिका लिहिली, पण ती सगळ्यांना पाठवली नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखे 520 जण बाजूला काढले आणि त्यांना काहीच पाठवलं नाही. उरलेल्या 2,080 जणांपैकी 83 जणांनी तीस दिवसांत पैसे भरले, म्हणजे 4 टक्के. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यातल्याही 13 जणांनी भरले, म्हणजे अडीच टक्के.

मार्केटिंग प्रमुख: म्हणजे 83 चं श्रेय ईमेलचं नाही.

उमेदवार: नाही सर. अडीच टक्क्यांच्या हिशोबाने त्यातले 52 जण तसेही आले असते. ईमेलच्या नावावर जेमतेम 31 जातात. आणि एवढ्या लहान गटांत दीड टक्क्याचा फरक योगायोगानेही पडू शकतो. अहवालात मी तसंच लिहिलं: "31 हा अंदाज आहे, पुढच्या तिमाहीत पुन्हा तपासू." माझ्या वरिष्ठांना 83 सांगायला आवडलं असतं. पण 83 धरून पुढचं बजेट मागितलं असतं, तर पुढच्या वेळी तोंडघशी पडलो असतो.

मार्केटिंग प्रमुख: ओपन रेट सांगितला नाहीत तुम्ही.

उमेदवार: त्यावर मी निर्णय घेत नाही. 2021 मध्ये ॲपलने मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली. तेव्हापासून ती सोय चालू असलेल्यांच्या ईमेलमधली चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच लोड होतात आणि आपल्याकडे ते "उघडलं" म्हणून नोंदवलं जातं. क्लिक बघते, त्याहून जास्त उत्तरं बघते. आणि स्पॅमच्या तक्रारी रोज बघते. 2024 पासून जीमेलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना 0.3 टक्क्याची मर्यादा घातली आहे. हजारात तीन तक्रारी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तिथवर पोचलो की चांगल्या ग्राहकांचे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात.

विक्री मॅडम: मला दर सोमवारी एकच कागद मिळाला, तर त्यावर काय असेल?

उमेदवार: गेल्या आठवड्यात किती नवे लोक आले, त्यातल्या किती जणांनी उत्पादन खरोखर वापरलं, किती जणांनी पैसे दिले आणि एका पैसे देणाऱ्यामागे किती खर्च आला. प्रत्येकाशेजारी आधीच्या चार आठवड्यांचे आकडे, कारण एकटा आकडा काहीच बोलत नाही. आणि खाली गिऱ्हाइकांची दोन वाक्यं, त्यांनी उच्चारली तशीच. लाइक्स, व्ह्यूज, फॉलोअर्स त्या कागदावर नसतील. ते मी माझ्या कामासाठी बघते, तुमचा वेळ त्यात घालवणार नाही.

मार्केटिंग प्रमुख: ठीक. आता एक काम देतो. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी पेशंटला आपोआप मेसेज जाईल अशी नवी सोय तयार आहे. 240 दवाखाने आपले ग्राहक आहेत. चार आठवडे, अगदी लहान बजेट आणि डिझायनरचा अर्धा वेळ. दहा मिनिटं घ्या.

*(उमेदवार कागदावर लिहिते. सात मिनिटांनी मान वर करते.)*

उमेदवार: आधी एक विचारू? हा मेसेज चालू कोण करणार, डॉक्टर की रिसेप्शनवरची व्यक्ती?

विक्री मॅडम: रिसेप्शन. डॉक्टर सॉफ्टवेअर उघडतही नाहीत.

उमेदवार: मग लाँच रिसेप्शनसाठी करायला हवं. मी आत्ता डॉक्टरांसाठी लिहिलं होतं, ते खोडते. पहिल्या आठवड्यात जाहिरात नाही, घोषणा नाही. बारा रिसेप्शनिस्टना फोन. एकच प्रश्न: काल कोण आलं नाही आणि ते तुम्हाला कधी कळलं? त्यांच्या तोंडचे शब्द मी टिपून घेईन आणि पुढचा सगळा मजकूर त्याच शब्दांत लिहीन.

दुसऱ्या आठवड्यात वीस दवाखाने. प्रत्येकाला आपण स्वतः फोनवर बसून सोय चालू करून द्यायची, पाच मिनिटांत. त्यांच्या गेल्या चार आठवड्यांतल्या न आलेल्या पेशंटची संख्या आपल्याच सॉफ्टवेअरमधून काढून ठेवायची, म्हणजे आधीचं आणि नंतरचं त्याच दवाखान्यात ताडता येईल.

मार्केटिंग प्रमुख: ए-बी टेस्ट?

उमेदवार: नाही सर, माणसंच तेवढी नाहीत. 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेलोय हे भरवशाने सांगायचं तर प्रत्येक गटात सुमारे सात हजार लोक लागतात. आपल्याकडे 240 दवाखाने आहेत. इथे दोन मथळे ताडून बघण्यापेक्षा वीस जणांशी बोललेलं बरं.

तिसऱ्या आठवड्यात थांबायचं की पुढे जायचं ते ठरेल आणि त्याची अट मी आत्ताच लिहिली आहे. वीसपैकी निदान आठ दवाखाने आपण पुन्हा फोन न करता, सोय चालू केल्याच्या पुढच्या आठवड्यातही मेसेज पाठवत असतील, तरच उरलेल्या 220 जणांना कळवायचं. आठापेक्षा कमी असतील तर घोषणा नाही, आधी कुठे अडतंय ते शोधायचं. गेल्या वेळी हेच राहून गेलं होतं.

विक्री मॅडम: आठच का? दहा का नाही?

उमेदवार: दहाही चालेल, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे. माझं म्हणणं इतकंच, की आकडा आज ठरावा आणि आपण तिघांनी त्याखाली सही करावी.

मार्केटिंग प्रमुख: आणि कळवणार कसं?

उमेदवार: सॉफ्टवेअर उघडल्यावर रोजच्या यादीच्या वर एक पट्टी, कारण रिसेप्शनची नजर सकाळी तिथेच असते. एक ईमेल, आणि त्यात वीसपैकी एका दवाखान्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने. डिझायनरचा अर्धा वेळ त्या पट्टीला आणि चाळीस सेकंदांच्या एका स्क्रीन रेकॉर्डिंगला. ईमेलमधल्या लिंकला खूण असेल:

```
?utm_source=newsletter&utm_medium=email&utm_campaign=reminder_launch
```

सगळं लहान अक्षरांत, कारण एकाने `Email` आणि दुसऱ्याने `email` लिहिलं की अहवालात दोन वेगळ्या ओळी होतात आणि नंतर जुळवाजुळवीत तास जातो. बजेटमधला मोठा भाग मेसेजच्या खर्चाला, म्हणजे वीस दवाखान्यांना पहिला महिना मोफत. आणि एक आकडा धोक्याची घंटा म्हणून: किती पेशंट "मेसेज पाठवू नका" म्हणतात. तो वाढला तर बाकी सगळे आकडे चांगले असले तरी थांबायचं. पेशंटचा विश्वास दवाखान्याचा आहे, आपण तो वापरतोय.

विक्री मॅडम: *(लिहीत)* काही दवाखान्यांत दुपारी रिसेप्शन बंद असतं. पेशंटने मेसेजला उत्तर दिलं तर?

उमेदवार: ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. उत्तर कुणी वाचणारच नसेल, तर मेसेजमध्ये "उत्तर द्या" असं लिहिताच येणार नाही. फोन नंबर आणि वेळ द्यावी लागेल. बारा फोनमध्ये हा दुसरा प्रश्न घालते.

मार्केटिंग प्रमुख: तो कागद आमच्याकडे ठेवून जाल?

उमेदवार: हो सर. फक्त वरच्या खोडलेल्या चार ओळी सोडून वाचा, त्या डॉक्टरांसाठीच्या आहेत.