सर्वांगीण अभिप्राय अहवाल : उपाध्यक्ष, उत्पादन विभाग
गोपनीय
टेरी टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत, सोलापूर

माननीय उपाध्यक्ष साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कामकाजाविषयी २ वरिष्ठ, ५ समकक्ष विभागप्रमुख आणि ११ कनिष्ठ सहकारी यांनी दिलेले अभिप्राय एकत्र करून हा अहवाल तयार केला आहे. आपल्या वेतनवाढीशी किंवा पदोन्नतीशी त्याचा संबंध नाही. लूमशेड आणि डाइंगमधील काही जणांनी तेलुगू व कन्नडमधून तोंडी सांगितले, ते आम्ही मराठीत लिहून घेतले. बाकीच्यांची वाक्येही बदलली आहेत, जेणेकरून बोलण्याच्या लकबीवरून कोणी ओळखू येऊ नये. वरिष्ठ दोघेच असल्यामुळे त्यांचे मत झाकणे शक्य नव्हते व त्यास त्यांची संमती आहे. इतर कोणाचे मत कोणते, याचा अंदाज आपण मनातल्या मनातही बांधू नये, अशी विनंती आहे.

वरिष्ठांच्या अभिप्रायात आपण शांत, तयारीचे आणि शब्दाला पक्के अधिकारी आहात. निर्यातीची ऑर्डर अडचणीत असताना आपण बैठकीत आवाज चढवत नाही, तारीख देता आणि ती पाळता, असे दोघांनीही लिहिले आहे. त्यांनी सुधारणेसाठी काहीच सुचवले नाही.

कनिष्ठांचे चित्र याच्या जवळपास उलटे आहे. सोमवारच्या बैठकीनंतर आपण शेडमध्ये येता तेव्हा नवी तारीख ठरलेली असते आणि ती शक्य आहे का, हे विचारण्याची सोय नसते, असे बहुतेकांनी सांगितले. रंगछटेतील फरकासाठी एका पर्यवेक्षकास कामगारांसमोर झालेली बोलणी अनेकांच्या लक्षात आहेत. गड्ड्याच्या यात्रेतील रजा आधी मंजूर करून ऐनवेळी रद्द केल्याचा उल्लेख चौघांनी स्वतंत्रपणे केला आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेचे इथल्या घरांत काय स्थान आहे हे आपण जाणता, म्हणून हा सल खोल आहे. मात्र याच अकरांपैकी अनेकांनी हेही सांगितले की यंत्र बिघडल्यावर आपण स्वतः शेजारी उभे राहून शिकवता, आणि तसे शिकवणारा दुसरा अधिकारी त्यांनी पाहिलेला नाही.

सर्वांत गंभीर नोंद अशी की दोष आता आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतात. पाइल कमी लागणे किंवा जीएसएम घसरणे पहिल्या पाळीत दिसले तरी दुसरी पाळी संपेपर्यंत ते नोंदवले जात नाही, कारण बोलणी खाण्यापेक्षा आपसांत निस्तरणे लोकांना सोपे वाटते. वरिष्ठांना दिसणारी शांतता काही अंशी या उशिरावर उभी आहे.

विभागप्रमुखांशी आपले वागणे सौजन्याचे आहे, परंतु निर्णय त्यांना नंतर कळतात. डाइंगची क्षमता आणि पाण्याची उपलब्धता न विचारता तारीख दिली गेल्याची तक्रार तिघांची आहे.

या तीन चित्रांपैकी एक खरे आणि दोन खोटी, असा अर्थ कृपया काढू नये. वरिष्ठ चुकीचे पाहत नाहीत. त्यांना उत्पादनाविषयी जे कळते ते मुख्यतः आपल्याकडूनच कळते. आपल्याला दोन चेहरे आहेत असेही मला वाटत नाही. माझ्या मते तिन्ही अभिप्रायांचे मूळ एकाच क्षणात आहे : बैठकीत तारीख विचारली जाते आणि आपण ती तिथेच देता. त्यातून वरिष्ठांना विश्वास मिळतो, समकक्षांना डावलल्यासारखे वाटते आणि ती तारीख पाळण्याचा सारा ताण खालच्या माणसांवर येतो. म्हणून केवळ रागावर ताबा ठेवण्याचा सल्ला देणे मला अपुरे वाटते. तारीख देण्याची पद्धत बदलली नाही तर राग पुन्हा येईलच.

माझी शिफारस अशी आहे की तीन महिने कोणतीही तारीख बैठकीत न देता, डाइंग, विणकाम आणि पॅकिंगच्या प्रमुखांशी बोलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवावी. संचालकांशी मी याबाबत बोललो असून त्यांची हरकत नाही. दोष पहिल्याच पाळीत सांगणाऱ्यास त्या वेळी कोणतीही बोलणी होणार नाहीत, हे आपण स्वतः पर्यवेक्षकांना सांगावे. रद्द झालेल्या रजांविषयी संबंधितांशी एकेकट्याने बोलावे. या एका गोष्टीस उशीर करू नये, असे मी आग्रहाने सुचवतो.

अहवाल वाचल्यावर दोन दिवस कोणाशीही त्यावर चर्चा करू नये. येत्या गुरुवारी दुपारी ३ वाजता आपण दोघे बसू. सहा महिन्यांनी याच सहकाऱ्यांना दोनच प्रश्न पुन्हा विचारले जातील : तारीख ठरण्यापूर्वी आपणांस विचारले गेले का, आणि दोष सांगताना भीती वाटली का.

आपला,
प्रमुख, मनुष्यबळ विकास विभाग