उन्हाळी सुट्टीतील गृहपाठ : इयत्ता तिसरीच्या (जूनपासून चौथीच्या) पालकांसाठी परिपत्रक

प्राथमिक विभाग, पुणे
परिपत्रक क्र. 3
मंगळवार, 28 एप्रिल 2026

सप्रेम नमस्कार,

शनिवार, 2 मेपासून रविवार, 14 जूनपर्यंत शाळेला सुट्टी आहे. शाळा सोमवार, 15 जूनला सुरू होईल. सुट्टीचे एकूण 44 दिवस. त्यातल्या 25 दिवसांसाठी रोज साधारण 25 मिनिटांचा गृहपाठ दिला आहे : 4 मे ते 5 जून, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार आणि शेवटचे नऊ दिवस पूर्ण मोकळे. बुडालेला दिवस भरून काढायचा नाही. लग्नकार्य असो, गावची जत्रा असो, ताप असो, तो दिवस सोडून द्या आणि पुढच्या तारखेपासून लिहू द्या.

गृहपाठ कशासाठी?

नवीन काही शिकवण्यासाठी नाही. चौथीचा अभ्यास आधीच उरकून घ्यावा अशी शाळेची अपेक्षा नाही, आणि कृपया घेऊही नये. मेमध्ये घरी अर्धवट झालेला धडा जूनमध्ये वर्गात पुन्हा सुरू झाला, की मूल ‘हे मला येतं’ म्हणून ऐकत नाही, आणि येत तर नसतंच.

सुट्टीत दोन गोष्टी फार लवकर गंजतात : मोठ्याने वाचण्याचा वेग आणि पाढे. दोन्ही रोज थोड्याशा सरावाने टिकतात. एका रविवारी तीन तास बसवून टिकत नाहीत. हा झाला पहिला हेतू.

दुसरा हेतू आमचा आहे. 15 जूनला वही उघडल्यावर मुलाला एकट्याला काय जमतं आणि कुठे अडतं, हे वर्गशिक्षकांना कळलं पाहिजे. चौथीचे पहिले दोन आठवडे कशावर घालवायचे, हे त्यावरून ठरतं. पूर्ण बरोबर, सुवाच्य, एकही खाडाखोड नसलेली वही आली, तर आम्हाला त्यातून काहीच कळत नाही. या वहीला गुण नाहीत, शेरा नाही, बक्षीसही नाही.

साहित्य

शंभर पानी एकरेघी वही. तिसरीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं शिवून केलेली वही असेल, तर जास्त छान. शिसपेन्सिल, पट्टी आणि या परिपत्रकाला टाचलेलं उदाहरणांचं पत्रक. खोडरबर लागणार नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा लिहायचं. मोबाइल कशासाठीच लागत नाही.

1. मोठ्याने वाचन : रोज 10 मिनिटं

गोष्टीचं पुस्तक, मासिक, वर्तमानपत्रातला छोटा मजकूर, काहीही चालेल. मूल एका ओळीत तीनपेक्षा जास्त शब्दांना अडखळत असेल, तर पुस्तक अवघड आहे. त्याहून सोपं द्या, ते लहान इयत्तेचं असलं तरी.

अडखळलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात नाही जमलं तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. तिथेच थांबवून जोडाक्षर फोडून दाखवत बसलं, की आधीच्या वाक्याचा अर्थ निसटतो. शब्द लक्षात ठेवा, वाचन संपल्यावर पाहा.

या वयात सगळ्यात जास्त गोंधळ ‘र’च्या जोडाक्षरांचा असतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे लग्नातल्या स्वयंपाक्यांना. डोक्यावरचा रफार मागच्या अक्षरावर आघात देतो, ऱ्य तो देत नाही. मुलाला नियम पाठ करून घेऊ नका. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून घ्या, फरक कानाला कळतो.

घरी मराठी वाचणारं कोणी नसेल, तरी हरकत नाही. मुलाने वाचावं, घरच्यांनी ऐकावं आणि शेवटी आपल्या भाषेत विचारावं, ‘काय झालं गोष्टीत?’

2. पाढे आणि ऐकून संख्या लिहिणे : रोज 5 मिनिटं

2 ते 10 पाढे. चालीत सगळ्यांना येतात, ‘सात एके सात’पासून गाडी सुटली की थेट सत्तरला थांबते. मध्येच ‘सात आठे?’ विचारलं की मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. म्हणून पाढा एकदाच म्हणून घ्या, मग उलटसुलट सहा प्रश्न विचारा. बहुतेकांचं अडतं ते 6, 7, 8 आणि 9 यांच्या आपसांतल्या गुणाकारांवर. तेवढेच रोज फिरवून विचारा. दोनचा आणि पाचचा पाढा म्हणून घेण्यात वेळ घालवू नका.

त्यानंतर तुम्ही पाच संख्या सांगायच्या आणि मुलाने अंकांत लिहायच्या. मराठीत एककाचा शब्द आधी येतो, म्हणून ‘पस्तीस’ ऐकल्यावर आधी 5 लिहून 53 करणारी मुलं असतात. ‘एकोणसत्तर’ ऐकताना ‘सत्तर’ कानात राहतं आणि 79 लिहिलं जातं. अशी चूक झाली तर इंग्रजीत सांगून सोडवू नका. इंग्रजीत दशक आधी येतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं उत्तर बरोबर येईल आणि मूळ अडचण झाकली जाईल.

3. पत्रकातली उदाहरणं : रोज तीन, 10 मिनिटं

यात सगळ्यात जास्त लक्ष हातच्याच्या वजाबाकीकडे द्यायचं आहे. 500 − 268 या उदाहरणात 368 उत्तर आलं, तर ते आळसाचं नाही. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : 8 मधून 0, 6 मधून 0, 5 मधून 2. बरोबर उत्तर 232. अशा वेळी ‘नीट बघ’ म्हणण्याचा उपयोग नसतो. ते त्याच्या मते नीटच बघत असतं. त्याऐवजी शंभराच्या पाच नोटा डोळ्यांसमोर आणा आणि विचारा, ‘दुकानदाराला बरोबर 268 द्यायचेत, आता काय करशील?’ एक नोट सुटी करावी लागेल हे त्याला सुचलं, की वहीतला दशक सुटा करणंही समजतं.

आजी-आजोबांपैकी काहींना दुसरी रीत येते : वरच्या अंकाला दहा द्यायचे आणि खालच्या दशकात एक मिळवायचा. ती चूक नाही. पण आत्ता दोन्ही रीती एकत्र आल्या, की मूल वरून एक कमी करतं आणि खाली एक वाढवतंही. तेव्हा आजोबांना विनंती की ती रीत दिवाळीपर्यंत राखून ठेवावी.

पत्रकातले भाव खऱ्यासारखे आहेत : अर्धा डझन आंबे 450 रुपयांना तर एक केवढ्याला, अशा तऱ्हेचे. मंडईत सोबत नेलंत आणि पाव किलो, अर्धा किलोचा हिशोब तिथेच विचारलात, तर त्या दिवशी पत्रक सोडून दिलं तरी चालेल.

4. सावलीची नोंद : सुट्टीत फक्त तीन वेळा

पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हे 13 आणि 14 मे या दोन दिवशी, दुपारी 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास दिसेल. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसंच घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

1 मीटर लांबीची सरळ काठी (झाडूचा दांडा चालतो) वाळू भरलेल्या बादलीत उभी करा. वाळू बादलीच्या काठापर्यंत भरून सपाट करा, नाहीतर सावली बादलीच्या आतच पडते आणि मोजता येत नाही. काठीची लांबी वाळूच्या वर मोजायची. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी त्याच्याशी समांतर आहे का ते पाहा. हे टाळू नका. काठी फक्त 2 अंश कलली, तर सावलीत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि आपल्याला मोजायची सावलीच मुळात चार-पाच सेंटिमीटरची आहे.

नोंदी 4 मे, 13 किंवा 14 मे आणि 25 मे रोजी, तिन्ही 12.31ला. लांबी सेंटिमीटरमध्ये आणि सावली कोणत्या दिशेला पडली ते लिहायचं. 4 मे आणि 25 मे या दिवसांची दिशा सारखी येते का, हे मुलालाच शोधू द्या. कृपया आधी सांगू नका, तीनही नोंदींचं सार तेच आहे. ढग आले तर ‘ढग होते’ एवढंच लिहावं. सुट्टीत कोल्हापूरला असाल, तर तिथे शून्य सावली 6-7 मेच्या सुमारास येते, नाशिकला 20 मेच्या आसपास.

काठी धरायला आणि गच्चीवर सोबत थांबायला मोठं माणूस हवंच. पायांत चपला, डोक्यावर टोपी, पाच मिनिटांत खाली. सूर्याकडे बघायचं नाही. गच्चीला कठडा नसेल, तर अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगबाहेर करा.

मदत किती करायची?

वेळ ठरवून द्या. शक्यतो सकाळी, नाश्त्यानंतर. रात्री दहाला, डोळे मिटत असताना नको. प्रश्न समजला नाही तर वाचून दाखवा. जवळ बसा, पण समोरासमोर नको. उत्तर चुकलं तर एकच प्रश्न विचारा : ‘हे कसं केलंस, मला सांग.’ सांगतासांगता निम्म्या चुका मुलं स्वतःच पकडतात. उरलेल्या तशाच राहू द्या. त्या आम्हाला हव्या आहेत.

मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊ नका. पान फाडून पुन्हा लिहायला लावू नका. 20 मिनिटं झटूनही जमलं नाही, रडू यायला लागलं, तर वही बंद करा आणि मुलाला ‘जमलं नाही’ असं लिहू द्या. शिकवणीच्या ताईंकडून हा गृहपाठ करून घेऊ नये.

प्रत्येक कामाशेजारी समासात मुलाने एक खूण करायची : ‘स’ म्हणजे स्वतः केलं, ‘वि’ म्हणजे विचारून केलं, ‘मो’ म्हणजे मोठ्यांनी करून दिलं. ‘मो’ लिहिल्याबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही. न लिहिलेला ‘मो’ मात्र पहिल्याच आठवड्यात वर्गात उघडा पडतो, आणि अवघडल्यासारखं होतं ते मुलाला.

तक्ते, प्रतिकृती, थर्माकोलचे किल्ले यांपैकी काहीही मागितलेलं नाही. अप्पा बळवंत चौकातून तयार तक्ता आणून चिकटवू नये. वहीला कव्हरदेखील नको. वह्यांचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत. एका घरचं सुंदर अक्षर बघून दुसऱ्या घरी संध्याकाळी रागावणं सुरू होतं.

दोन्ही पालक दिवसभर कामावर असतील, तर पाढे आणि संख्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी तोंडी घेतल्या तरी पुरे. वाचन मोठा भाऊ, बहीण, शेजारच्या काकू, कोणीही ऐकू शकतं.

वही 15 जूनला दप्तरात द्यावी. 15 ते 19 जून या आठवड्यात वर्गशिक्षिका प्रत्येक मुलाशी वहीवर दहा मिनिटं बोलतील. ज्यांच्या वह्या अपुऱ्या असतील त्यांच्याशीही बोलतील, त्यासाठी त्या पुऱ्या करून आणण्याची गरज नाही. शंका असल्यास शाळेचं कार्यालय मे महिन्यात सोमवार ते शुक्रवार सकाळी 8 ते 12 उघडं आहे. उदाहरणांचं पत्रक हरवलं, तर दुसरी प्रत तिथेच मिळेल.

आपल्या,
तिसरीच्या वर्गशिक्षिका
मुख्याध्यापिका, प्राथमिक विभाग