प्रशिक्षण बॉण्ड : कलम ९ चा अर्थ, सहीपूर्वी वाचण्यासाठी

गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा, वेर्णा
एचपीएलसी प्रशिक्षणासाठी निवड झालेल्या कनिष्ठ केमिस्टांसाठी

कलम ९ : “कंपनीच्या खर्चाने प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी प्रशिक्षण संपल्यापासून १८ महिन्यांच्या आत स्वेच्छेने नोकरी सोडेल, तर ७२,००० रुपयांपैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात येणारी रक्कम तो कंपनीला परत करील.”

बंगळूरचं हे प्रशिक्षण ५ जानेवारी ते १३ फेब्रुवारी २०२६ असं सहा आठवड्यांचं आहे. बॉण्ड नोकरीला लागल्या दिवसापासून मोजायचा नाही. तो १६ फेब्रुवारी २०२६ ला सुरू होतो आणि १५ ऑगस्ट २०२७ ला संपतो. चवथीची रजा, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा घेतल्याने मुदत वाढत नाही.

७२,००० म्हणजे कोर्सची फी ४५,०००, राहणं-जेवण १८,००० आणि प्रवास ९,०००. त्या सहा आठवड्यांचा पगार यात धरलेला नाही. तो तुमच्या कामाचा मोबदला आहे, परत मागता येणार नाही.

दर पूर्ण महिन्याला ४,००० रुपये फिटतात. समजा, तुमचा शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर २०२६. आठ महिने झाले, दहा उरले, म्हणजे ४०,००० भरायचे. तेच ५ नोव्हेंबरला सोडलंत, तर वरचे २१ दिवस पूर्ण महिना धरतो (१५ पेक्षा जास्त दिवस झाले की महिना तुमच्या बाजूने) आणि ३६,००० होतात. राजीनाम्याची तारीख नव्हे, कामाचा शेवटचा दिवस पाहायचा. नोटीस पिरियडमधले दिवसही मोजले जातात, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

कंपनीने कामावरून कमी केलं किंवा प्रकृतीमुळे काम करणं अशक्य असल्याचं डॉक्टरने लिहून दिलं, तर काही भरायचं नाही. गैरवर्तनाची चौकशी होऊन काढलं, तर मात्र भरावं लागेल. रुजू होतानाचं इंडक्शन, सुरक्षा आणि अग्निशमनाचं प्रशिक्षण यांना बॉण्ड कधीच लागत नाही.

रक्कम एकदम जमत नसेल तर लेखी अर्ज करा, सहा हप्ते मिळतात. पीएफला हात लावला जात नाही. मूळ सर्टिफिकेटं आम्ही ठेवून घेत नाही; कुणी मागितली तर देऊ नका आणि आम्हाला कळवा.

“सोडून शेजारच्याच कंपनीत गेलो तर?” हा प्रश्न दरवर्षी येतो. जा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट टिकत नाही, आणि आमच्या बॉण्डमध्ये ती नाहीच. प्रश्न फक्त उरलेल्या पैशांचा. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, त्यामुळे ७२,००० च्या वर एक रुपयाही मागता येत नाही.

बॉण्डची प्रत घरी न्या, घरच्यांना दाखवा. सही २२ डिसेंबरपर्यंत चालेल. कोंकणीतून समजून घ्यायचं असेल तर दुपारी तीननंतर एचआरमध्ये या.

— मनुष्यबळ विभाग