विषय: पेठांमधल्या आडांच्या पाण्याविषयी एम.एस्सी. प्रबंध – मार्गदर्शनासाठी वीस मिनिटांच्या भेटीची विनंती

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी सायली जगताप. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथ्या सत्रातल्या प्रबंधासाठी शुक्रवार पेठ आणि कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या आडांमध्ये भर उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, हा प्रश्न घ्यायचा विचार आहे. आमच्या विभागातले सर अंतर्गत मार्गदर्शक व्हायला तयार आहेत. पण शहरी भूजल हा त्यांचा विषय नाही, म्हणून त्यांनीच आपल्याला लिहायला सांगितलं. आपण सहमार्गदर्शक व्हाल का, हे विचारण्याआधी वीस मिनिटं भेटून माझी आतापर्यंतची मोजमापं आपल्याला दाखवायची आहेत.

मॅडम, माझं मागणं एवढंच आहे. पुढचा मजकूर थोडा लांबला आहे, तो सवड असेल तरच वाचावा.

मी मूळची सासवडची. घरी अंजिराची बाग आहे आणि बागेत ४८ फुटांची विहीर. मार्चनंतर तिच्यात किती पाणी उरलं यावरच घरातली निम्मी बोलणी होतात. पुण्यात मी आत्याकडे शुक्रवार पेठेत राहते. तिच्या वाड्याच्या मागच्या चौकात एक आड आहे, साधारण ३६ फूट खोल, वर लोखंडी जाळी, मोटर दोन वर्षांपासून जळलेली. गेल्या एप्रिलमध्ये बाबा इथे आले होते. जाळीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “आपली विहीर तळाला गेली, अन् ह्यात एवढं पाणी?” मला उत्तर देता आलं नाही. भूशास्त्र शिकतेय म्हणून त्यांनी विचारलं होतं, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

वाड्यात या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे तयार आहे: “हे कात्रजचं पाणी.” नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमाराला, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, हे खरंच आहे. त्या नळाचे काही उच्छ्वास अजूनही दिसतात. पण हौद वेगळा आणि आड वेगळा. आमच्या आडाच्या भिंतीत नळाचं तोंड कुठेही दिसत नाही. वरचे दहा-बारा फूट घडीव बांधकाम, त्याखाली मुरूम आणि मग सरळ पाषाण. पाझर दिसतो तो मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यातून. आत्याच्या सासूबाईंच्या सांगण्यानुसार १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नळ बंद पडले, तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी याच आडाचं पाणी भरलं. म्हणजे नळ बंद असतानाही आडाला पाणी होतं. पण तो ऐन पावसाळा होता, त्यामुळे त्यावरून फार काही ठरवता येत नाही.

मला स्वतःला संशय आहे तो महापालिकेच्या पाइपांचा. गळती जमिनीत मुरत असेल आणि तीच आडात उतरत असेल, असं वाटतं. हे नवं नाही, याची मला कल्पना आहे. जगातल्या बऱ्याच शहरांखाली गळतीच्या पाण्याने भूजल वाढल्याचं अभ्यासक्रमातही आहे. पण आमच्या आडात ते ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. मे महिन्यात त्याचा एक धागा हाती लागला. तो धागा म्हणजे गुरुवार.

आमच्या भागात नळाला सकाळी ६ ते ९ पाणी येतं. मी पहाटे ५ आणि सकाळी १० अशी रोज दोनदा पातळी मोजत होते. बहुतेक दिवशी दहाची पातळी पहाटेपेक्षा ३ ते ६ सेंटिमीटर वर आलेली असायची. उदाहरणार्थ, एका मंगळवारी पहाटे पाणी कठड्यापासून ५.२१ मीटर खाली होतं आणि दहाला ५.१६ मीटर. आता, देखभाल-दुरुस्तीसाठी शहराचं पाणी बंद ठेवायचं असेल तर तो वार बहुधा गुरुवार असतो, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. मे महिन्यात असे तीन गुरुवार आले. त्या तिन्ही दिवशी सकाळची वाढ एक सेंटिमीटरच्या आत राहिली. शिवाय पाणी बंद ठेवण्याच्या नोटिशीत “शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल” हे वाक्य असतंच. तिसऱ्या शुक्रवारी मी दिवसभर दर दोन तासांनी मोजत बसले. वाढ झाली, पण दुपारी बारानंतर, आणि जेमतेम २ सेंटिमीटर.

हे बघून मला झालेला आनंद साधारण दीड दिवस टिकला. मग सरांनी विचारलं, “गुरुवारी नळ नाही म्हटल्यावर आसपासच्या वाड्यांतल्या मोटरी चालणार नाहीत का?” चालणारच. आमच्या आडाची मोटर बंद असली तरी शेजारच्या दोन आडांवर उपसा आहे. गुरुवारी त्यांचा उपसा वाढला आणि त्यामुळे आमची पातळी वर आली नाही, असंही असू शकतं. शुक्रवारची उशिराची वाढही तशीच समजावता येते: नळ आला, मोटरी थांबल्या, पाणी पूर्ववत झालं. एकच आलेख, दोन अर्थ. त्यातला खरा कोणता हे फक्त पातळी मोजून ठरणार नाही, एवढं मला कळलं आहे. पुढे कसं जायचं ते मात्र कळत नाही आणि नेमकं तेच आपल्याला विचारायचं आहे.

मला सुचलेले मार्ग असे. एक तर शेजारच्या दोन वाड्यांतल्या मोटरी कधी चालू, कधी बंद याची नोंद ठेवायची. एका घरच्या काकूंनी कॅलेंडरवर लिहून ठेवायचं कबूल केलं आहे, दुसऱ्या घराने “तुम्ही पालिकेकडून आलात का?” असं विचारून दार लावून घेतलं. दुसरा मार्ग पाण्याच्या तपासणीचा. पण नळाच्या पाण्यातला क्लोरीन जमिनीत फार टिकत नाही, आणि क्लोराइड व नायट्रेट जास्त आले तर ते सांडपाण्याचंही लक्षण असू शकतं. पेठांमध्ये पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप शेजारी शेजारी आहेत, तेव्हा दोन्ही गळत्या एकत्रच उतरत असतील. तिसरा मार्ग ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या स्थिर समस्थानिकांचा. आपल्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघरकडचा घाटातला पाऊस, आणि तोही उन्हाळाभर उघड्या जलाशयात तापलेला. पेठेत पडून इथेच मुरलेल्या पावसापेक्षा त्याची ठेवण वेगळी असायला हवी, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे की पुस्तकी, हे मला ठरवता येत नाही. आणि बरोबर असला, तरी किती नमुने घेतले तर त्याला काही अर्थ राहील?

गेल्या फेब्रुवारीत आमच्या विभागात आपलं बेसॉल्टमधल्या भूजलावर व्याख्यान झालं, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. कठीण खडकात शेजारच्या दोन विहिरींचं एकमेकींशी काही नातं असेलच असं धरून चालू नका, असं आपण सांगितलं होतं. ते मला सरांच्या प्रश्नानंतर आठवलं. शेजारचा उपसा आमच्या आडाला लागतो का, हे आधी तपासल्याशिवाय बाकी सगळं हवेत आहे, असं आता वाटतं. त्यासाठी काकूंच्या आडावर तीन तास मोटर चालवून आमच्याकडे दर दहा मिनिटांनी पातळी मोजायची, असा बेत डिसेंबरसाठी ठरवला आहे. त्याआधी आपल्याशी बोलणं झालं तर चुका कमी होतील.

चुका म्हणजे कशा, तेही सांगते. पहिल्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी मी टाकून दिल्या, कारण कठडा एकसारखा नाही आणि मी रोज वेगळ्या जागेवरून टेप सोडत होते. त्यातच २-३ सेंटिमीटरचा फरक पडत होता. आता कठड्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे. टेपच्या टोकाला खडू फासून ओली रेघ वाचते, त्यामुळे अंधारातही अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत मोजता येतं. पेठांमध्ये आतापर्यंत नऊ आड बघितले. त्यांपैकी नियमित मोजता येतील असे चारच. बाकीच्यांवर स्लॅब आहे, कुलूप आहे, किंवा घरमालक आणि भाडेकरूंचा दावा चालू आहे.

माझी तयारी थोडक्यात: बी.एस्सी. भूशास्त्र, प्रथम श्रेणी. क्यूजीआयएस बऱ्यापैकी येतं. सांख्यिकी कच्ची आहे, त्यावर काम करते आहे. जानेवारी ते मे आठवड्यातले तीन पूर्ण दिवस क्षेत्रकामाला देऊ शकते. आड आत्याच्या घरी असल्यामुळे पहाटे पाचची नोंद चुकण्याचं कारण नाही. समस्थानिकांच्या चाचणीचा खर्च मला एकटीला झेपणार नाही, हे खरं आहे. पण आपल्याकडे त्यासाठी पैसे मागायला मी लिहीत नाही. ती चाचणी या प्रश्नाला आवश्यक आहे का, एवढंच आपल्याकडून समजलं तरी विभागात अर्ज करता येईल.

विभागात मार्गदर्शकाचं संमतिपत्र ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचं आहे. बुधवार आणि शनिवार मला पूर्ण मोकळे आहेत. इतर दिवशी दुपारी तीननंतर आपण सांगाल त्या वेळी येऊ शकेन. यंदा आपल्याकडे आधीच विद्यार्थी असतील तर तसं एका ओळीत कळवलंत तरी चालेल, आणि या विषयासाठी आणखी कोणाला भेटावं हे सुचवलंत तर फार मदत होईल.

सोबत तीन फायली जोडल्या आहेत: एका पानाचा परिचय, ज्यात माझा फोन नंबर आणि सरांचं नाव आहे, दोन पानांचा आराखडा, आणि एप्रिल-मेच्या नोंदींची एक्सेल शीट. शीटमध्ये तिन्ही गुरुवार पिवळ्या रंगात आहेत. टाकून दिलेला पहिला आठवडाही वेगळ्या पानावर ठेवला आहे.

आपली नम्र,
सायली जगताप
एम.एस्सी. भूशास्त्र, द्वितीय वर्ष
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गणेशखिंड, पुणे

ता. क. – आत्याच्या वाड्याचं पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. पुढच्या पावसाळ्याआधी काम सुरू झालं तर हा आड बुजवला जाईल, म्हणून घाई.