वेण्णाकाठ कन्स्ट्रक्शन्स, सातारा : कार्यक्षमता निवेदन

वेण्णाकाठ कन्स्ट्रक्शन्स ही 2014 पासून सातारा जिल्ह्यात स्थापत्य कामे करणारी नोंदणीकृत भागीदारी संस्था आहे. लहान पूल व मोऱ्या, संरक्षक भिंती, आरसीसी गटारे, सिमेंट नाला बांध आणि शाळाखोल्या ही आमची नेहमीची कामे आहेत. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील पावसात बांधकाम टिकते की नाही हे मुख्यतः पाण्याला दिलेल्या वाटेवर ठरते, असा आमचा अनुभव आहे, आणि आमचे कौशल्य प्रामुख्याने याच कामात घडले आहे.

जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील एका ग्रामीण रस्त्यावरची ह्यूम पाइपची मोरी दगडगोटे व झाडांच्या ओंडक्यांनी तुंबली आणि पाणी रस्त्यावरून वाहून दोन्ही बाजूंचा भराव खचला. मंजूर संकल्पचित्रानुसार तिच्या जागी आम्ही दोन गाळ्यांची स्लॅब मोरी बांधली. तिचा पाया कठीण खडकापर्यंत नेला, वरच्या व खालच्या बाजूस कट-ऑफ वॉल आणि दगडी ॲप्रन केला, आणि भराव थराथराने पाणी मारून दाबून घेतला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही स्वखर्चाने दोनदा पाहणी केली व त्याची छायाचित्रे संबंधित शाखा अभियंत्यांना दिली. दोषदायित्व कालावधीतील अशी पाहणी आम्ही प्रत्येक कामावर करतो, कारण पहिल्या पावसात दिसलेली लहान झीज वेळीच भरून काढली तर पुढचे मोठे नुकसान टळते.

घाटरस्त्यांवरील संरक्षक भिंतींत पाणी निघून जाण्याचे पाइप आणि त्यांमागील गोट्यांचा गाळणथर हे भाग पुढे झाकले जात असल्याने त्यांची छायाचित्रे भराव टाकण्यापूर्वी घेऊन मोजमापासोबत सादर केली जातात. जिल्ह्याच्या पूर्व भागात प्रश्न वेगळा असतो; खटाव तालुक्यातील दोन शाळाखोल्यांचे काम करताना फुगणारी काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून त्यावर पाया घेतला.

काँक्रीटची कामे आयएस 456 : 2000 नुसार होतात. त्यातील प्रमाणाप्रमाणे 6 ते 15 घनमीटर काँक्रीटमागे दोन नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन घन 28 दिवसांच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले जातात. याशिवाय 7 दिवसांची चाचणी आम्ही आमच्या माहितीसाठी करतो. पीपीसी सिमेंट वापरले असल्यास काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवले जाते, आणि त्याची तारीखवार नोंद साइट रजिस्टरमध्ये असते. चाचणीचा निकाल अपेक्षेपेक्षा कमी आल्यास तो आम्ही स्वतःहून कळवतो.

दोन्ही भागीदार स्थापत्य अभियंते असून त्यांपैकी एक जण प्रत्येक स्लॅब भरताना प्रत्यक्ष साइटवर उपस्थित असतो. दोन पर्यवेक्षक आणि सेंट्रिंग, बारबेंडिंग व गवंडीकामाच्या कायम टोळ्या आमच्याबरोबर आहेत. एक जेसीबी, हॉपरचे मिक्सर, नीडल व्हायब्रेटर, प्लेट कॉम्पॅक्टर, ऑटो लेव्हल आणि लोखंडी सेंट्रिंग प्लेटा स्वतःच्या मालकीच्या आहेत. रोलर व क्रेन भाड्याने घ्यावे लागतात आणि निविदेत आम्ही ते तसेच नमूद करतो. पाइल फाउंडेशन व प्रीस्ट्रेस्ड गर्डरची कामे आम्ही स्वीकारत नाही.

आर्थिक वर्ष 2022-23, 2023-24 व 2024-25 मधील उलाढाल अनुक्रमे 1.48 कोटी, 1.76 कोटी व 2.10 कोटी रुपये असून सनदी लेखापालाचा दाखला सोबत आहे. गेल्या पाच वर्षांतील कामांची सर्वाधिक वार्षिक किंमत 2.10 कोटी रुपये (A) असून, सुरू कामांपैकी येत्या वर्षात पूर्ण करावयाच्या कामांची किंमत 1.35 कोटी रुपये (B) आहे. निविदेत A × N × 2 − B हे सूत्र दिलेले असल्यास एक वर्ष मुदतीच्या कामासाठी आमची निविदा क्षमता 2.85 कोटी रुपये येते. मात्र एकाच वेळी तीनपेक्षा जास्त साइट चालवायच्या नाहीत हा आमचा नियम आहे, त्यामुळे या आकड्यात बसणारे प्रत्येक काम आम्ही भरतोच असे नाही.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडील नोंदणी, जीएसटी व भविष्य निर्वाह निधी नोंदणी, काम पूर्णत्वाचे दाखले, यंत्रसामग्रीची मालकीपत्रे आणि सुरू कामांचे कार्यारंभ आदेश यांच्या स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. खासगी ग्राहकांना दर देण्यापूर्वी आम्ही जागेची पाहणी करतो व त्यासाठी शुल्क आकारत नाही. पूर्ण झालेले कोणतेही काम पाहावयाचे असल्यास लेटरहेडवरील पत्त्यावर दोन दिवस आधी कळवावे. संबंधित भागीदार स्वतः सोबत येऊन काम दाखवतील.