झोपेची गोळी, दारू आणि लागलेली सवय

नमस्कार मंडळी. रक्तदाबाच्या रांगेत ज्यांचा नंबर यायचा आहे त्यांनी तिथूनच ऐकलं तरी चालेल. दहा मिनिटांचं बोलणं आहे.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. ते मेंदूचा ब्रेक आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या या ब्रेकचा जोर वाढवतात. दारूही तेच करते. मेंदू मात्र गप्प बसत नाही. कुणी रोज ब्रेक दाबतंय म्हटल्यावर तो हळूहळू अॅक्सिलरेटर वाढवत नेतो. मग तीच गोळी कमी पडू लागते, तोच पेग चढेनासा होतो. एके दिवशी ब्रेकवरचा पाय एकदम काढला, की अॅक्सिलरेटर तेवढा दाबलेला राहतो. आज सांगायच्या बहुतेक गोष्टी यातूनच निघतात.

पहिला समज असा, की डॉक्टरांनी लिहून दिली म्हणजे तिची सवय लागणार नाही. झोपेसाठी या गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांसाठीच द्यायच्या असतात. अडचण होते ती जुन्या चिठ्ठीमुळे. एका महिन्यासाठी लिहिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते आणि ती सुरू कशासाठी झाली होती, हे घरात कुणालाच आठवत नाही.

‘माझी तर अर्ध्या मिलिग्रॅमची बारीकशी गोळी आहे’ असंही लोक सांगतात. मिलिग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नका. अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी ताकदीने डायझेपामच्या ५ ते १० मिलिग्रॅमच्या बरोबरीची असते.

यातला सगळ्यात फसवा समज नीट ऐका. ‘एक दिवस गोळी घेतली नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणजे मला गोळीची गरजच आहे.’ तसं नाही. रोजची गोळी एकदम थांबवली की झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, छाती धडधडते, बारीकसा आवाजही सहन होत नाही. तो मूळचा निद्रानाश असेलच असं नाही. गोळी सुटल्याची ती लक्षणं असू शकतात. माणूस घाबरून पुन्हा गोळी घेतो, तासाभरात बरं वाटतं आणि गैरसमज आणखी पक्का होतो.

म्हणून आज हे ऐकून घरी गेल्यावर गोळ्या फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने चाललेली गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती उतरवत आणायची असते. दर दोन ते चार आठवड्यांनी आधीच्या डोसच्या ५ ते १० टक्के कमी करायचे, त्रास वाढला तर त्याच पायरीवर थोडं थांबायचं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात अवघड जातात. ‘आता पावच राहिली, सोडून टाकू’ म्हणणारे नेमके तिथेच अडखळतात. गोळीच्या नावापुढे ‘एसआर’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती तोडू किंवा चुरडू नका. दिवसभर सावकाश सुटायचं औषध एकदम सुटू शकतं.

वयस्कर मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. ‘त्यापेक्षा सर्दीची गोळी बरी, तिनेही झोप येते’ हाही उपाय नव्हे. झोप आणणाऱ्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी म्हातारपणी भ्रम होतो, लघवी अडते.

आता दारू. ‘थोडी घेतली की झोप छान लागते.’ लागते लवकर, हे खरं. पण दारू उतरू लागली की रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचे तुकडे पडतात. घशाचे स्नायू सैल पडल्याने घोरणं वाढतं आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर तो बळावतो.

‘बिअर म्हणजे काय दारू आहे का?’ हिशोबच करू. ५०० मिली बिअर, त्यात ८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे तो एक डबा तीन पेगांच्या पुढेच गेला. आणि ‘मला पचते, चार घेतले तरी काही होत नाही’ हे ताकदीचं लक्षण नाही. मेंदूने अॅक्सिलरेटर वाढवल्याची ती खूण आहे. यकृतावर होणारा परिणाम त्याने कमी होत नाही.

घरच्यांसाठी एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवता येत नाही. शेवटच्या पेगानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस ओळखेनासा होतो. हे वेड नाही, बाहेरची बाधा नाही. यात जीव जाऊ शकतो, लगेच दवाखान्यात न्या. एरवी दारू सोडायचं ठरवलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. सोडतानाचे पहिले काही दिवस त्यांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सुरक्षितपणे काढता येतात.

जेवणातून गुपचूप दारू सोडवायची पावडर देण्याचा प्रकारही थांबवा. तिच्यात डायसल्फिरॅम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला: ‘पेग आठला, गोळी दहाला, मध्ये दोन तास ठेवतो.’ यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. साठ ग्रॅम प्यायलं तर सहा ते साडेआठ तास गेले. थंड पाण्याने अंघोळ, काळी कॉफी, सलाईन, कशानेही हा वेग वाढत नाही. शिवाय क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच तीस ते चाळीस तास लागतात. रोज गोळी घेणाऱ्याच्या अंगात कालची गोळी असतेच, मग अंतर ठेवणार कुठून? दोन्ही मिळून श्वास मंदावतो. त्यात कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची दुखण्यावरची गोळी आली तर धोका आणखी वाढतो.

असा माणूस हलवून उठत नसेल, खोल घरघर येत असेल, श्वासात मोठी खंडं पडत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, उलटी काढायला लावू नका, तोंडात काही ओतू नका, एकटं सोडू नका. रिकामी स्ट्रिप सोबत घ्या.

उलट्या बाजूचाही एक समज आहे. मनाच्या आजाराची प्रत्येक गोळी सवय लावते, असं नाही. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. फक्त त्याही एकदम बंद करू नयेत.

मग झोपेसाठी काय करायचं? सुट्टीच्या दिवशीसुद्धा एकाच वेळी उठायचं. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. चहा-कॉफी दुपारनंतर नको. पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येईल, ती दुपारी झोपून भरून काढायची नाही. रात्रीची झोप तिच्यावरच बसते.

डावीकडच्या शेवटच्या टेबलावर गोळ्यांबद्दल एकेकट्याशी बोलायची सोय आहे. स्ट्रिप जवळ असेल तर ती दाखवा, किती दिवसांपासून घेता आणि सोबत दारू किती, हे खरं सांगा. आकडा कमी सांगितलात तर गोळी उतरवण्याचं गणित चुकेल.